साखळी नियम आणि छेदात लपलेलं शून्य

फुग्यात हवा भरली जात आहे. त्रिज्या १० सेंटिमीटर असताना ती सेकंदाला अर्धा सेंटिमीटर वाढते आहे. मग फुग्याचं घनफळ किती वेगानं वाढतं? त्रिज्येतल्या बारीकशा वाढीला घनफळ 4πr² पटीनं प्रतिसाद देतं. या क्षणी ही पट 400π, म्हणजे सुमारे १२५७ आहे. तिला ०.५ नं गुणलं की सेकंदाला सुमारे ६२८ घन सेंटिमीटर हे उत्तर मिळतं. बाहेरच्या फलनाचा दर गुणिले आतल्या फलनाचा दर, हाच साखळी नियम, म्हणजे चेन रूल.

वर्गात त्याची सिद्धता बहुधा एका ओळीत उरकते. x मध्ये h एवढा बदल केला की u = g(x) मध्ये k एवढा बदल होतो, आणि त्यामुळे y = f(u) मध्ये Δy एवढा. मग

Δy/h = (Δy/k) · (k/h)

असं लिहायचं आणि h शून्याकडे न्यायचं. उजवीकडचा पहिला गुणोत्तर f′(u) कडे जातो, दुसरा g′(x) कडे. सिद्धता संपली, असं वाटतं.

पण k नं भागताना k शून्य नाही हे गृहीत धरलं गेलं. h शून्य नसतो, कारण विकलजाच्या व्याख्येतच तशी अट आहे. k च्या बाबतीत अशी हमी कुणीच दिलेली नाही. h आपण निवडतो; k किती होईल ते g ठरवतं.

g′(x) शून्य नसेल तर काळजी नाही. तेव्हा k/h हे गुणोत्तर h पुरेसं लहान झालं की शून्येतर संख्येच्या जवळ राहतं, म्हणून k शून्य होऊच शकत नाही. g जवळपास स्थिर असेल तरी प्रश्न सुटतो, कारण मग दोन्ही बाजू शून्यच येतात. खरी अडचण या दोहोंच्या मधल्या फलनांची आहे. उदाहरणार्थ,

g(x) = x² sin(1/x), आणि g(0) = 0.

शून्यापाशी हे फलन वर-खाली हेलकावे खातं आणि 1/π, 1/(2π), 1/(3π) अशा अगणित ठिकाणी नेमकं शून्य होतं. शून्याच्या कितीही जवळ जा, असे बिंदू सापडतातच. म्हणजे x = 0 पाशी h कितीही लहान घेतला तरी काही h साठी k शून्य असतो आणि Δy/k ला अर्थच राहत नाही. अर्थ नसलेल्या राशीची सीमा घेता येत नाही.

ही गफलत मोठमोठ्यांच्या हातून झाली आहे. जी. एच. हार्डी यांचं ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ १९०८ साली निघालं. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतली सिद्धता सदोष होती, हे त्यांनी नंतरच्या आवृत्तीत स्वतःच नोंदवलं.

नियम मात्र कुठेच खोटा पडत नाही. दोष सिद्धतेत आहे, आणि तो काढण्याची युक्ती अशी: भागाकाराऐवजी गुणाकारानं बोलायचं. φ नावाचं फलन असं ठरवू:

k ≠ 0 असेल तर φ(k) = (f(u+k) − f(u))/k, आणि φ(0) = f′(u).

f चा u पाशी विकलज आहे, म्हणून k शून्याकडे जाताना φ(k) f′(u) कडे जातो. φ(0) ची किंमतही तीच ठरवल्यामुळे φ शून्यापाशी संतत आहे. आता

f(u+k) − f(u) = φ(k) · k

हे समीकरण k शून्य असतानाही खरं आहे, कारण तेव्हा दोन्ही बाजू शून्य होतात. आता दोन्ही बाजूंना h नं भागू. तो तर शून्य नाहीच:

Δy/h = φ(k) · (k/h).

g चा विकलज आहे म्हणजे g संतत आहे, म्हणून h बरोबर k ही शून्याकडे जातो. वाटेत तो कितीदाही शून्य झाला तरी φ(k) f′(u) कडेच जातो. उजवी बाजू f′(u) · g′(x) होते आणि सिद्धता पुरी होते.

वरच्याच g वर हे तपासून पाहू. f(u) = 5u + u² घ्या. u = 0 पाशी φ(k) = 5 + k येतो आणि φ(0) = 5. इथे k/h = h sin(1/h), आणि त्याचा आकार |h| पेक्षा मोठा कधीच नसतो, म्हणून तो शून्याकडे जातो. त्यामुळे Δy/h ची सीमा 5 × 0 = 0. मधले ते अगणित शून्य बिंदू आडवे आले नाहीत.

कोणतीही सिद्धता वाचताना छेदात आलेली राशी आपण निवडली की दुसऱ्या फलनानं ठरवली, एवढं विचारलं तरी अशी फट दिसते. अनेक चलांच्या फलनांकडे गेलं की तर u मधला बदल ही संख्याच राहत नाही, ती सदिश होते आणि सदिशानं भागता येत नाही. तिथे वर्गातली एका ओळीची सिद्धता लिहिताही येत नाही. बदल म्हणजे विकलज गुणिले k अधिक k च्या मानानं नगण्य उरलेला भाग, हे गुणाकाराचं रूप मात्र तिथेही लागू पडतं.