निगेटिव्हवरून फोटो पुन्हा हवे असतील तर स्टुडिओला काय लिहावे

पुराच्या पाण्याने किंवा नुसत्या ओलीने अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले, की सोडवताना चित्राचा थरच निघून येतो. निगेटिव्ह मात्र वेगळ्या पाकिटात, वरच्या खणात राहिलेले असले तर वाचतात. त्यांवरून फोटो पुन्हा करून घेण्यासाठी स्टुडिओला जे पत्र द्यायचे, त्याचे मुख्य काम एकच: नेमकी कोणती चौकट हवी हे सांगणे. ‘लग्नातल्या पंगतीचा फोटो’ एवढ्याने भागत नाही. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरट दिसतात, चेहरे काळवंडतात. घरच्यांनाही माणसे ओळखू येत नाहीत.

३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असतात: १४, १४ ए, १५ असे. मात्र हे आकडे फिल्म तयार होतानाच छापलेले असल्याने फोटो नेमका आकड्यासमोर येईलच असे नाही. शिवाय तेच आकडे प्रत्येक रोलवर असतात. म्हणून प्रत्येक पाकिटाला आधी अक्षर द्यावे. लिहायचे ते पाकिटावर, आणि तेही पट्ट्या बाहेर काढून, निगेटिव्हवर नव्हे. मग पत्रातला मजकूर असा होतो:

‘पाकीट ब. १४ आणि १४ ए यांच्या मधली चौकट. आडवा फोटो, वधू-वर डावीकडे, मागे मांडवाचा खांब. ४ × ६ इंच, मॅट कागद, २ प्रती. आधी एकच नमुना काढून दाखवावा. पट्ट्या कापू नयेत.’

आकाराबाबत एक खाच आहे. ३५ मिलिमीटरची चौकट ४ × ६ कागदावर जवळजवळ पूर्ण बसते. जुन्या १२० रोलची, ६ × ६ सेंटिमीटरची चौकट चौकोनी असते. ती तोच कागद भरून छापली तर एक तृतीयांश चित्र कापले जाते आणि समूहफोटोत मागची रांग जाते. अशा वेळी ‘पूर्ण चौकट घ्यावी, बाजूला पांढरी पट्टी चालेल’ असे स्पष्ट लिहावे.

आज बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह स्कॅन करून छापतात. त्यामुळे स्कॅनची फाईलही पत्रातच मागून घ्यावी. पुढे मोठी प्रत काढायची झाली तर पट्टी पुन्हा हाताळावी लागत नाही. खराब झालेला फोटोही सोबत द्यावा, पण तो चित्राचा कोणता भाग घ्यायचा हे दाखवण्यापुरता. त्याचे उडालेले रंग नमुना म्हणून धरू नयेत, हेही लिहिलेले बरे.

नमुना पाहताना साडीच्या पदराकडे लक्ष द्यावे. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर दिसला, तर पट्टी उलटी लागली आहे. रंग पिवळट किंवा लालसर वाटले तर ते बहुधा छापताना सुधारता येतात. निगेटिव्हलाच बुरशीचे जाळे लागले असेल किंवा व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर ते आधीच पत्रात नोंदवावे. वास येतो म्हणजे फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे. तशी पट्टी आकसते, वाकते आणि स्कॅनरमध्ये सपाट बसत नाही. अशा पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या पाकिटात द्याव्यात.

शेवटी पट्ट्यांची एकूण संख्या लिहून पोच घ्यावी आणि परत घेताना तेवढ्याच मोजून घ्याव्यात.