‘ओरिजिनल आहे ना?’

जुना फोन विकायला काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ओरिजिनल आहे ना?’ माझा आयफोन १३ विकताना ठाण्याच्या एका गृहस्थांनी हेच विचारलं. ‘हो, शंभर टक्के!’ असं लिहायला बोट पुढे गेलंही होतं, पण थांबलो. फोन मी नवीन घेतला होता हे खरं, पण त्याची बॅटरी मध्यंतरी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतली होती. मग शंभर टक्के कसलं?

शिवाय लिहून दिलेल्या शब्दाला वजन असतं. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वस्तूचं वर्णन करून ती विकली, तर माल त्या वर्णनाबरहुकूम असायला हवा. म्हणून ठरवलं, दाखवता येईल तेवढंच लिहायचं.

आधी बिल काढलं. त्यावर तारीख होती, मॉडेल होतं, दुकानाचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक होता. तो २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या क्रमांकाने, सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. पण नुसतं ‘मोबाइल १ नग’ लिहिलेलं बिल कुठल्याही फोनला चिकटवता येतं. माझ्या सुदैवाने बिलावर पंधरा आकडी आयएमईआय छापलेला होता. फोनवर `*#06#` दाबलं, बिलावरचा आकडा शेजारी धरला आणि एकेक अंक जुळवला. कागद आणि वस्तू यांची गाठ इथेच पडते. खोक्यावरचा आकडाही तोच निघाला. कधीकधी तो वेगळा निघतो, कारण वॉरंटीत कंपनी अख्खा फोनच बदलून देते. अशा वेळी सर्व्हिस सेंटरचा कागद दाखवावा लागतो.

मग सीरियल नंबर. तो `Settings › General › About` मध्ये मिळतो आणि `checkcoverage.apple.com` वर टाकला की मॉडेल आणि वॉरंटीची स्थिती दिसते. इथे बरेच जण फसतात. साइटने क्रमांक ओळखला म्हणजे तो क्रमांक खरा. वस्तू खरी असेलच असं नाही. नकली इयरफोनच्या डब्यांवर खऱ्या वस्तूचे क्रमांक छापलेले सर्रास सापडतात. म्हणून क्रमांक खोक्यावरून न घेता चालू फोनच्या पडद्यावरून घ्यायचा, आणि साइटवर आलेलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळतं का ते बघायचं. क्रमांक उतरवताना गोंधळ झाला तर एक लक्षात ठेवा : ॲपलच्या सीरियल नंबरात O हे अक्षर नसतं, दिसतं ते शून्यच.

राहिली बॅटरी. त्याच `About` च्या पानावर `Parts and Service History` मध्ये तिच्यापुढे `Unknown Part` लिहिलेलं होतं. फोनच चहाडी करत असताना मी कशाला लपवू? अखेर उत्तर गेलं ते असं :

‘नमस्कार. फोन मी ऑक्टोबर २०२२ मध्ये दादरच्या दुकानातून नवीन घेतला. बिल आहे, त्यावरचा आयएमईआय फोनशी आणि खोक्याशी जुळतो. बॅटरी २०२४ मध्ये बाहेरच्या दुकानात बदलली आहे, ती कंपनीची नाही. स्क्रीन आणि कॅमेरा माझ्याकडे असताना बदललेले नाहीत. चार्जर या फोनसोबत येत नाही. सोबत देतोय तो वेगळा घेतलेला आहे, त्याची पावती नाही. भेटाल तेव्हा सगळे क्रमांक स्वतः तपासा.’

बिलाचा फोटो पाठवताना पत्ता आणि मोबाइल नंबर झाकला, आयएमईआय आणि सीरियलचे शेवटचे चार अंकही झाकले. अनोळखी माणसाकडे पूर्ण क्रमांक गेला तर उद्या तो दुसऱ्याच्या जाहिरातीत दिसायचा. पूर्ण क्रमांक समोरासमोर दाखवायचा.

गृहस्थ रविवारी आले. त्यांनी आयएमईआय वाचला आणि आपल्या फोनवरून `KYM` लिहून, जागा सोडून तो आकडा टाकून `14422` वर एसएमएस केला. दूरसंचार विभागाची ही सोय फोनचा ब्रँड आणि मॉडेल सांगते, आणि चोरीमुळे तो काळ्या यादीत गेला असेल तर तेही कळतं. आत कुठले सुटे भाग आहेत, हे मात्र तिला कळत नाही. उत्तर ठीक आलं. मग त्यांनी बॅटरीचा विषय काढला आणि किमतीत दीड हजार कमी करून मागितले. मी हजारावर आणले. त्यांच्यासमोरच फोनमधून माझं खातं काढलं, `Find My` बंद केलं आणि मूळ बिल त्यांच्या हातात दिलं.