संशोधनलेखाची घडण : लेखांक अकरावा
‘अभूतपूर्व’ आणि कुडाची भिंत

सारांशलेखनाचे प्रकरण आज हाती घेण्याचे वचन मी गेल्या आठवड्यात दिले होते, ते पाळता येत नाही. कारण मध्यंतरी तलासरीकडील एका अध्यापक वाचकांचे पत्र आले, आणि त्यासोबत त्यांनी धाडलेला आपल्या संशोधनलेखाचा पहिला परिच्छेद वाचल्यावर दुसरे काही लिहावेसे वाटेना. हे गृहस्थ भूकंपशास्त्रज्ञ नव्हेत. २०१८ च्या नोव्हेंबरापासून डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्या काळात ते पाड्यापाड्यांतून हिंडून कोणत्या घराच्या कोणत्या भिंतीला केव्हा तडा गेला याची टिपणे ठेवीत होते. टिपणे उत्तम आहेत. लेख मात्र परीक्षकाने एका ओळीच्या शेऱ्यासह परत केला : ‘समस्येचे समर्थन आढळत नाही.’ परिच्छेद असा :

‘भूकंप ही मानवजातीवर कोसळणारी सर्वांत भीषण आपत्ती असून किल्लारीच्या विनाशाची आठवण आजही अंगावर शहारे आणते. डहाणू-तलासरी परिसरातील अभूतपूर्व भूकंपमालिकेने संपूर्ण जगाचे लक्ष वेधून घेतले आहे. या अत्यंत महत्त्वाच्या विषयाकडे आजवर कोणीही लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत संशोधनामुळे हजारो आदिवासी बांधवांचे प्राण वाचणार आहेत.’

वाक्ये चार, दावेही चार. आणि लेख भिंतींविषयी आहे, पण ‘भिंत’ हा शब्द एकाही वाक्यात नाही.

प्रथम किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, डहाणूकडील मालिकेतील ठळक धक्क्यांपैकी १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ च्या आसपासचा होता. अंकांतील हे अंतर दिसावयास दोनच्या घरातले असले, तरी या मापनात एका अंकाचा चढ म्हणजे ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींची वाढ, आणि त्या हिशेबाने किल्लारीची ऊर्जा येथील धक्क्याच्या जवळजवळ चौदाशे पट भरते. शिवाय किल्लारीला माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. येथे प्रश्न आहे कारवीच्या काड्या उभ्या करून माती-शेणाने लिंपलेल्या कुडाचा. ज्या वाचकाला पहिल्या ओळीत किल्लारी दाखविली, त्याला तिसऱ्या पानावर बोटभर रुंदीचा तडा दाखविला की तो हसतो, आणि मग त्या तड्याचे जे खरे महत्त्व आहे तेही त्याला दिसत नाही.

‘अभूतपूर्व’ या शब्दावर मला अंमळ रेंगाळावयाचे आहे, कारण आमच्या संशोधनलेखांत इतका निष्काळजीपणाने वापरला जाणारा दुसरा शब्द मला ठाऊक नाही. ‘पूर्वी न झालेले’ असे म्हणणाऱ्याने पूर्वीचे सारे दप्तर चाळले आहे, असे वाचक गृहीत धरतो. आमच्या अध्यापक मित्रांना इतर दप्तरे सोडाच, आपल्याच जुन्या जिल्ह्याचे दप्तर पुरले असते. २०१४ पर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते, आणि त्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात भातसा धरणाच्या परिसरात १९८३ साली धक्क्यांची मालिका होऊन गेली, तिच्यातील मोठा धक्का पाचाच्या जवळपास पोहोचला होता. कोयनेचा परिसर तर १९६७ पूर्वीपासून हादरतो आहे. तेव्हा अभूतपूर्व नव्हे. पण दीर्घकाळ चाललेली, उथळ केंद्रांची आणि एकाच वस्तीला पुनःपुन्हा हलविणारी, हे मात्र निःसंशय म्हणता येते, आणि यातले ‘पुनःपुन्हा’ हेच पद आपल्या कामाचे आहे.

‘कोणीही लक्ष दिलेले नाही’ हे तिसरे वाक्य तर सरळ चुकीचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. लोक थंडीत तंबूंत निजत होते तेव्हा शासनही आले होते. परीक्षक त्या संस्थेचे काम जाणणारा असेल, तर येथेच त्याची लेखणी उचलली जाते. परंतु हे वाक्य खोडून न टाकता ते अरुंद करावे. यंत्रांनी पाहिला तो जमिनीचा हेलकावा. घरांची पाहणी झाली ती नुकसानीच्या पंचनाम्यांतून, आणि पंचनामा हा भरपाईसाठी असतो. अध्यापकांच्याच टिपणांत एक नोंद आहे की कुडाच्या भिंतीला तडा गेला तर घरातील बाई चार दिवसांत तो लिंपून टाकते. म्हणजे पंच येईपर्यंत पुरावाच राहत नाही. विटांच्या भिंतीतील तडा तेथेच राहतो आणि कागदावर येतो. कागदावरून कुडाचे घर अभंग दिसते, ते खरोखर अभंग राहिले म्हणून की लिंपले गेले म्हणून, हे त्या कागदावरून ठरविता येत नाही. ही खरी उणीव; आणि ती त्यांच्याच वहीत पडून होती.

चौथे वाक्य मी दयामाया न दाखविता काढले. १ फेब्रुवारीच्या त्या दिवशी एक दोन वर्षांची मुलगी दगावली, ती घर कोसळून नव्हे, धक्क्याच्या वेळी बाहेर पळताना पडून. भिंतींचा अभ्यास तिला वाचवू शकला नसता, आणि जे आपल्या लेखाच्या आवाक्यात नाही ते त्याच्या नावावर जमा करणे हा अपहारच होय.

जॉन स्वेल्स यांनी १९९० साली अशा प्रास्ताविकांची जी घडण दाखविली, तिच्यात क्षेत्र दाखविणे, त्यातील मोकळी जागा दाखविणे आणि ती आपण व्यापीत आहोत असे सांगणे, अशी तीन पावले आहेत; आमच्या परिच्छेदात पहिल्याचा ढोल होता, उरलेली दोन नावालाच होती. आता नवा परिच्छेद :

‘नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत उथळ केंद्राच्या लहान व मध्यम धक्क्यांची दीर्घ मालिका अनुभवास आली. या धक्क्यांची यंत्रांद्वारे नोंद झालेली आहे. मात्र एकाच भिंतीवर वारंवार होणाऱ्या लहान आघातांचा परिणाम, विशेषतः कारवीच्या कुडाच्या घरांवरील, आम्ही पाहिलेल्या लेखांत स्वतंत्रपणे नोंदलेला आढळला नाही. नुकसानीच्या पंचनाम्यांवरून तो काढणे अवघड आहे, कारण कुडातील तडे पाहणीपूर्वी लिंपले जातात. प्रस्तुत लेखात निवडक पाड्यांतील कुडाच्या व विटांच्या घरांत तडे कोठे व कोणत्या क्रमाने पडले, याची धक्क्यांच्या दिवसांत ठेवलेली नोंद मांडली आहे. घरे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नसल्याने संपूर्ण तालुक्याविषयी निष्कर्ष काढलेला नाही.’

पारख करण्याची माझी रीत साधी आहे. परिच्छेदातील ‘भूकंप’ किंवा ‘धक्का’ काढून तेथे ‘महापूर’ घालावा. वाक्य जसेच्या तसे उभे राहिले, तर ते आपल्या विषयाचे नव्हते. जुन्या परिच्छेदातील तीन वाक्ये या परीक्षेत सुखाने उभी राहिली. नव्यातील कामाची वाक्ये राहत नाहीत.

एक काम बाकी आहे. ‘आम्ही पाहिलेल्या लेखांत’ हे शब्द मी लिहिले खरे, परंतु कोणते लेख पाहिले हे त्यांच्या पत्रात नाही, आणि कुडाची घरे किती व विटांची किती, हेही नाही. ते दोन्ही कळल्याखेरीज हा परिच्छेद परत धाडू नये, असे त्यांना आजच लिहिले आहे. सारांशलेखन पुढील आठवड्यात.