हनुवटी आधी पुढे, मग खाली

साखरपुड्याच्या स्टेजवर ‘इकडे बघा’ अशी हाक आली, की निम्मं कुटुंब कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ होतं आणि हनुवटी गळ्याकडे ओढून घेतं. त्यामुळे जबड्याखालची त्वचा एकत्र गोळा होते आणि अंगाने सडपातळ असलेल्या भाचीलाही फोटोत डबल चिन येते.

यावरचा उपाय दिसायला विचित्र आहे. मान किंचित पुढे काढायची, जणू कपाळ कॅमेऱ्याच्या जवळ न्यायचंय, आणि मग हनुवटी अगदी थोडी खाली घ्यायची. न्यूयॉर्कचे फोटोग्राफर पीटर हर्ली जबड्याच्या याच युक्तीमुळे गाजले. बाजूने पाहिलं तर माणूस कासवासारखा दिसतो, पण समोरून जबड्याची कड स्पष्ट उमटते आणि तिची सावली मानेवर पडते. चष्म्यावर दिव्याची चमक येत असेल तर तीही हनुवटी खाली घेतल्यावर बऱ्याचदा जाते. मात्र हनुवटी जास्त खाली गेली की कपाळ मोठं दिसतं आणि डोळे भुवयांखालून रोखून पाहिल्यासारखे वाटतात. तसं दिसलं, तर ती बोटभर वर आणावी.

समजा, बारा जणांचा फोटो आहे. मध्ये खुर्चीवर आजी, शेजारी आजोबा, मागे मुलं-सुना, कडेला नातवंडं. सगळे छाती समोर करून उभे राहिले, तर प्रत्येक जण रुंद दिसतो आणि रांगही लांबते. कडेच्यांनी धड अर्धवट मध्याकडे वळवून चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवावा आणि वजन मागच्या पायावर टाकावं. खांदे एकमेकांमागे सरकतात, अंग बारीक दिसतं आणि सगळे मावतात. डोकं कललंच तर आजीच्या दिशेने. बायकोच्या विरुद्ध बाजूला मान कललेला नवरा फोटोत रुसलेला दिसतो, मग तो मनातून कितीही खूश असो!

मागच्या रांगेतले डोकावण्यासाठी हनुवटी उंचावतात आणि फोटोत नाकपुड्याच आधी दिसतात. त्यांना टाचा उंच करायला लावण्यापेक्षा पुढच्यांच्या मधल्या फटीत उभं करावं, नाहीतर पायरीवर.

एवढं जमूनही फोटो काढणारा फार जवळ उभा असेल, तर सगळं वाया जातं. मोबाइलवरचं 0.5x लावलं की कडेचे चेहरे आडवे ताणले जातात आणि टोकाला उभे असलेले धिप्पाड काका आणखी धिप्पाड होतात. हॉलमध्ये जागा असेल तर चार पावलं मागे जाऊन 1x किंवा 2x वापरावं. त्या अंतरावरून कॅमेरा छातीच्या उंचीला धरला, तर बसलेल्या आजीला मान वर करावी लागत नाही आणि उभ्या मुलाचाही चेहरा फार खालून टिपला जात नाही. भिंत आडवी आली आणि मागे जाताच आलं नाही, तर काकांना मध्ये घ्यावं आणि कॉलेजातल्या किडकिडीत पुतण्याला टोकाला धाडावं.