दहा टक्के, पण कशावर?

मार्चच्या अखेरीस शाळांची परिपत्रकं पालकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. अशा परिपत्रकांचा एक ठरावीक नमुना असतो : ‘पुढील शैक्षणिक वर्षापासून शुल्कात १० टक्के वाढ करण्यात येत आहे. ३० एप्रिलपूर्वी शुल्क भरणाऱ्यांस जुना दर लागू राहील.’ खाली सही, शिक्का. वाचताना सगळं स्पष्ट वाटतं. गोंधळ होतो तो आकडा मांडायला बसल्यावर.

समजा, तिसरीतल्या एका मुलीचं शिक्षण शुल्क महिन्याला ३,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ४२,००० आहे. दोन सत्रांचं सत्र शुल्क ७,००० आणि संगणक व उपक्रमांचे ६,००० धरले, तर एकूण ५५,००० होतात. वाढ फक्त शिक्षण शुल्कावर असेल, तर ४,२०० रुपये जास्त पडतील. सगळ्या रकमेवर असेल, तर ५,५००. तिसरी शक्यता सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच शाळांत एका सत्राचं शुल्क एका महिन्याच्या शिक्षण शुल्काइतकं असतं. महिन्याचे ३,५०० वाढून ३,८५० झाले, की दोन सत्रांचे ७,००० आपोआप ७,७०० होतात आणि वाढ ४,९०० वर जाते. वाक्य एक आणि त्याची उत्तरं तीन.

‘जुना दर’ हीदेखील अशीच अडचण. तो वर्षभरासाठी, की एप्रिलमध्ये भरलेल्या हप्त्यापुरता? पहिलाच हप्ता भरणाऱ्याला जूनमध्ये ‘फरकाची रक्कम’ अशी नोंद असलेली पावती मिळू शकते.

अशा वेळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर संताप उसळतो, आणि शाळेला जे पत्र जातं त्यात संतापच जास्त असतो. ‘एवढी वाढ कशासाठी?’ असं विचारलं, की ‘वाढती महागाई व सुविधा’ हे उत्तर तयारच असतं. स्पष्टीकरण मागणं आणि हरकत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एका कागदावर आली, तर कार्यालय सोप्या भागाला उत्तर देतं आणि अवघड भाग बाजूला पडतो. म्हणून पत्र एवढंच असावं :

‘मा. मुख्याध्यापिका यांस,
विषय : शुल्कवाढीच्या परिपत्रकाबाबत खुलासा मिळण्याविषयी.
संदर्भ : आपले परिपत्रक क्र. __, दि. __.
महोदया,
माझी मुलगी इयत्ता तिसरी ‘ब’मध्ये शिकते. वरील परिपत्रकातील दोन बाबी मला समजल्या नाहीत. १० टक्के वाढ कोणत्या शीर्षांवर आहे? ३० एप्रिलपूर्वी केवळ पहिला हप्ता भरल्यास उरलेल्या हप्त्यांना कोणता दर लागू होईल? चौथीचे वर्षाचे शुल्क शीर्षनिहाय व हप्तेनिहाय लेखी कळवावे. मुदत ३० एप्रिलची असल्याने २० एप्रिलपर्यंत उत्तर मिळाल्यास रकमेची सोय करता येईल.
आपली विश्वासू’

यात खरं वजन ‘शीर्षनिहाय’ या शब्दाचं. टक्केवारी कशीही वळवता येते, रुपयांत लिहिलेला तक्ता वळवता येत नाही. २० तारीखही उगाच घातलेली नाही. मुदतीचं कारण जोडलं, की विनंती हट्टासारखी वाटत नाही. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. ई-मेल पाठवला तरी चालतो. फाटकाशी शिपायाच्या हाती दिलेलं पत्र मात्र पोहोचलं की नाही, हे ब्रह्मदेवालाच ठाऊक.

‘परिपत्रकाप्रमाणे’ एवढंच उत्तर आलं, तर पुढची पायरी पालक-शिक्षक संघाची. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळांसाठी २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. मंजूर झालेलं शुल्क सूचनाफलकावर लावायचं असतं आणि ते दोन शैक्षणिक वर्षं बदलत नाही. त्यामुळे दुसरा प्रश्न सभ्यपणे विचारता येतो : ‘ही वाढ कार्यकारी समितीच्या कोणत्या तारखेच्या सभेत मंजूर झाली?’ पहिल्याच पत्रात हा प्रश्न घालू नये, असं माझं मत. त्याने कार्यालय सावध होतं आणि साधा तक्तादेखील वकिलाला दाखवून मग पाठवतं.

पत्राने वाढ थांबत नाही, हे मात्र धरून चालावं. विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायची, तर कायद्यातल्या पुढच्या दुरुस्तीनुसार किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. एकट्या पालकाच्या पत्राने हाती येतो तो लेखी आकडा. जूनची पावती फाडून घेताना शाळेचं उत्तर सोबत असावं आणि शीर्षांची नावं व रकमा काउंटरवरच ताडून पाहाव्यात. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ असं नवं शीर्ष बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसतं.