एका नॅनोमीटरची किंमत : ६४ मायक्रोग्रॅम

२० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या बदलली. तोपर्यंत पॅरिसजवळच्या सेव्र गावात जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल हाच जगाचा किलोग्रॅम होता. त्याच्याबरोबर घडवलेल्या अधिकृत प्रतींशी त्याची पुन्हा तुलना केली, तेव्हा शंभरेक वर्षांत दोघांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे दिसले होते. नवी व्याख्या निसर्गातल्या स्थिरांकावर उभी करायची, तर आधी ते स्थिरांक अतिशय अचूक मोजायला हवे होते. त्यासाठी चाललेल्या प्रयत्नांपैकी एक होता सिलिकॉनचा, आणि तिथे सारा प्रश्न येऊन ठेपला तो एका गोलाच्या त्रिज्येवर.

कल्पना तशी सरळ आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू अत्यंत शिस्तीत बसलेले असतात. सुमारे ०.५४३ नॅनोमीटर बाजूच्या प्रत्येक घनाच्या वाट्याला बरोबर ८ अणू येतात. म्हणजे एक किलो सिलिकॉनचा गोल घडवायचा, त्याचे घनफळ काढायचे, त्याला या चिमुकल्या घनाच्या घनफळाने भागायचे आणि ८ने गुणायचे, की गोलात किती अणू आहेत ते कळते. त्यावरून अ‍ॅव्होगाड्रो स्थिरांक मिळतो. यासाठी जवळजवळ पूर्णपणे सिलिकॉन-२८ या एकाच समस्थानिकाचा स्फटिक तयार करण्यात आला. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत तो घासून-पुसून गोल करण्यात आला. गोलाचा व्यास साधारण ९३.७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ४६.८६ मिलिमीटर.

अट मात्र कडक होती. व्याख्या बदलण्याआधी निदान एका प्रयोगातली अनिश्चितता दहा कोटींत २ भागांपेक्षा जास्त नसावी, असे ठरले होते. मग प्रश्न असा, की घनफळात एवढीच चूक चालणार असेल, तर त्रिज्येत किती चालेल?

उत्तर शोधायला शाळेतले सूत्र पुरते : V = (4/3)πr³. त्रिज्या मोजताना dr एवढी लहानशी चूक झाली, तर घनफळात होणारी चूक डिफरन्शिअलने काढतात :

dV = 4πr² dr

यातले 4πr² म्हणजे गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. हे योगायोगाने आलेले नाही. चेंडूला रंगाचा पातळ हात दिला, तर किती रंग लागेल? पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी. त्रिज्या dr ने जास्त मोजणे म्हणजे सगळ्या गोलावर dr जाडीचा असाच एक नसलेला थर चढवणे. थर पातळ असतो, म्हणूनच त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांतला फरक सोडून देता येतो.

दोन्ही बाजूंना V ने भागले, की सूत्र आणखी सुटसुटीत होते :

dV/V = 3 dr/r

घनफळातली सापेक्ष त्रुटी त्रिज्येतल्या सापेक्ष त्रुटीच्या तिप्पट. π इथे उरतच नाही आणि गोल केवढा आहे यानेही फरक पडत नाही. प्रत्यक्षात त्रिज्या थेट मोजता येत नाही, मोजला जातो तो व्यास. पण दोन्हींची सापेक्ष त्रुटी एकच असते, त्यामुळे ३ हा आकडा तसाच राहतो. घोळ होतो तो व्यासातली चूक मिलिमीटरमध्ये घेऊन dr च्या जागी तशीच घातली तर. तिची आधी निम्मी करावी लागते, नाहीतर उत्तर दुप्पट येते.

हा अंदाज कितपत खरा उतरतो, ते एका साध्या उदाहरणात पडताळता येते. पोलादी गोळीची त्रिज्या १० मिलिमीटर आहे आणि ती ०.१ मिलिमीटरने जास्त मोजली गेली. त्रिज्येतली चूक १ टक्का, म्हणून डिफरन्शिअल सांगते, की घनफळातली चूक ३ टक्के. आता १०.१ चा घन करून पाहिला, तर खरी वाढ ३.०३०१ टक्के निघते. अंदाज किंचित कमी पडला, पण कामाला पुरेसा आहे. हीच चूक २० टक्क्यांची असती, तर अंदाज ६० टक्के आला असता आणि खरी वाढ ७२.८ टक्के. रंगाचा थर जाड झाला, की त्याच्या दोन पृष्ठभागांतला फरक सोडून चालत नाही.

सिलिकॉनच्या गोलासाठी थर कल्पनेपलीकडे पातळ आहे, त्यामुळे सूत्र बिनघोर वापरता येते. गोलाचे पृष्ठफळ सुमारे २७,६०० चौरस मिलिमीटर. त्रिज्येत एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढी चूक झाली, तर घनफळात ०.०२७६ घन मिलिमीटरची चूक होते. एवढ्या सिलिकॉनचे वस्तुमान भरते सुमारे ६४ मायक्रोग्रॅम. जुन्या दंडगोलात आणि त्याच्या प्रतींत शतकभरात पडलेल्या फरकापेक्षाही हे जास्त आहे!

उलट गणित केले, की संशोधकांना मिळालेली मोकळीक कळते. दहा कोटींत २ भागांना ३ने भागून त्रिज्येने गुणले, तर उरतात ०.३१ नॅनोमीटर. स्फटिकातल्या त्या चिमुकल्या घनाची बाजूसुद्धा याहून मोठी आहे.

इतक्या बारीक पातळीवर तापमानही आड येते. सिलिकॉन दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २.६ भाग प्रसरण पावते. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने चुकीचे धरले, तरी त्रिज्या ०.१२ नॅनोमीटरने चुकते. शिवाय पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर आपोआप जमतो. त्याची जाडी वेगळी मोजून हिशेबातून वजा करावी लागते.

मग गोलाच्या गोलाईचे काय? त्याच्यावरच्या उंचसखल भागांत काही दशक नॅनोमीटरचा फरक होता, म्हणजे परवानगीच्या कितीतरी पट. तरीही घनफळाला त्याची झळ पोचत नाही, आणि त्याचे कारणही डिफरन्शिअलच देते. चढाने वाढलेले घनफळ आणि उताराने घटलेले घनफळ सरासरी त्रिज्येभोवती एकमेकांना फेडून टाकतात. उरते ती फक्त चुकीच्या वर्गाची रक्कम, आणि ती सापेक्ष त्रुटीत एक लाख कोटींत एखाद्या भागाएवढीच असते. अट एवढीच, की व्यास सगळ्या दिशांनी मोजून त्यांची सरासरी घ्यायला हवी.

खरी भीती सर्व दिशांना सारख्याच होणाऱ्या चुकीची होती, कारण सरासरी घेऊनही ती फिटत नाही. व्यास मोजायला प्रकाशाच्या व्यतिकरणाचा उपयोग केला होता : गोल दोन भिंगांमध्ये ठेवायचा, आधी रिकामे अंतर मोजायचे आणि मग त्यातून गोलाच्या दोन्ही बाजूंच्या फटी वजा करायच्या. या प्रकाशलहरींचा आकार किंचितही बिघडला, तर प्रत्येक व्यास एकाच बाजूला चुकतो. एकाच उपकरणावर हजारो मोजण्या केल्या, तरी असली चूक उघडी पडत नाही. म्हणून जर्मनीच्या ब्राउनश्वाइगमधल्या पीटीबी संस्थेत गोलाकार लहरींनी मोजणी झाली, तर जपानच्या एनएमआयजेमध्ये सपाट लहरींनी. रचना वेगळी असल्यामुळे दोन्हींत तीच चूक होण्याची शक्यता कमी, आणि दोन उत्तरांतला फरक तिचा माग देतो. २०११ साली या प्रयत्नातून मिळालेल्या स्थिरांकाची अनिश्चितता दहा कोटींत ३ भाग होती, २०१५ साली ती २ वर आली.