उलट नोंद विसरली तर

समजा, सांगलीच्या एका हळद-निर्यातदाराने १० मार्चला १०,००० डॉलरचे बीजक केले आणि ८३ रुपयांच्या दराने ईआरपीच्या खतावणीत ८,३०,००० रुपये येणे मांडले गेले. ३१ मार्चला दर ८३.४० झाल्यामुळे पुनर्मूल्यांकनाअंती ४,००० रुपयांचा नफा नोंदला जातो; परंतु तो अप्राप्त, हाती न आलेला असल्यामुळे, बहुतेक प्रणालींत १ एप्रिलला त्याची उलट नोंद पडते. २० एप्रिलला ८२.९० दराने ८,२९,००० रुपये वसूल झाले, म्हणजे मूळ बीजकाच्या मानाने प्रत्यक्ष तोटा १,००० रुपयांचा. नव्या वर्षाच्या पदरी मात्र उलट नोंदीसह ५,००० रुपयांचा तोटा येतो, आणि ते यथायोग्यच आहे, कारण ४,००० रुपयांचा नफा गतवर्षाने आधीच घेतलेला असतो.

उलट नोंद राहून गेली, तर बीजक फिटल्यावरही ऋणकोंच्या समायोजन खात्यावर तेच ४,००० रुपये बेवारस उरतात. प्रलंबित बीजकांची यादी खतावणीच्या बाकीशी दर महिनाअखेर ताडून पाहिली, की नेमका एवढाच फरक दिसतो. पुनर्मूल्यांकन अशा पैशात वसूल होणाऱ्या येण्याचे करावे; मालाच्या रूपानेच फेडावयाच्या आगाऊ रकमेचे मात्र करू नये.